सतरा तास त्रेपन्न मिनिटं

नागप्पा काका दुधाच्या टाकीचं झाकण उघडण्याआधी हात धुवायचे आणि झाकण लावल्यावर पुन्हा धुवायचे. पहिल्या वेळचं मला कळायचं, दुसऱ्या वेळचं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "आता तंबाखू मळायची हाय न्हवं ताई. दुधाचा वास लागला की तिची मजा जाती."

देवणीपासून नऊ किलोमीटरवर, कर्नाटकाच्या शिवेला चिकटलेल्या गावात एका खाजगी डेअरीचं दूध शीतकरण केंद्र आहे. दोन हजार लिटरची टाकी, एक जनरेटर, वजनकाटा आणि पत्र्याची शेड. बावीस वर्षं ते केंद्र नागप्पा काकांनी सांभाळलं. बोलायचे मराठी, पण दुधाची मापं कानडीत मोजायचे, ओंदू, एरडू, मूरू. मराठीत मोजलं की चुकतं म्हणायचे. वास आलेलं दूध कुणाचंही असो, परत पाठवायचे. सरपंचाची कॅन दोनदा परत गेली होती, ही गोष्ट त्यांच्या तोंडून मी किमान सहा वेळा ऐकली, आणि दर वेळी ते ती पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे खूश व्हायचे.

या माणसाची नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा मोठं म्हणजे गावातलं नाव गेलं. ते माझ्या हातून गेलं. कसं ते लिहायला बसले आहे. कुणी माफ करावं म्हणून नाही, तेवढी अक्कल मला आता आली आहे.

मी लुंबिनी. मूळची मुदखेडची. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते. नांदेडला इंजिनियरिंग केलं, तीन वर्षं पुण्यात नोकरी केली, आणि आईच्या दुखण्यामुळं परत यायचं ठरवलं तेव्हा लातूरला वैजनाथ सरांची कंपनी मिळाली. कंपनी म्हणजे औसा रोडवर खताच्या दुकानाच्या वरचा मजला. माणसं अकरा. पण काम खरं होतं. लातूर, नांदेड, धाराशिव आणि शिवेपलीकडची मिळून एकोणीसशे दूध केंद्रं, आणि प्रत्येक केंद्रावर आमचा एक डबा. डब्यात सिमकार्ड. दुधाचं तापमान, तिन्ही फेजचं व्होल्टेज, कॉम्प्रेसरचा करंट, जनरेटर चालू की बंद, अशी तीस रीडिंगं दर दोन सेकंदांना तो डबा लातूरच्या सर्व्हरकडं पाठवायचा. दुधाचं तापमान दोन सेकंदांत काय बदलणार होतं? काही नाही. पण डेअरीला द्यायच्या कागदावर 'दर दोन सेकंदांना' असं लिहिलेलं भारी दिसतं, म्हणून दोन सेकंद.

हिशेब करा. एकोणीसशे डबे, तीस रीडिंगं, दोन सेकंद. सेकंदाला साडेअठ्ठावीस हजार नोंदी, चोवीस तास, सणवार न बघता. मी रुजू झाले तेव्हा त्या सगळ्या नोंदी साध्या डेटाबेसमध्ये एकाखाली एक ओळीत जात होत्या. 'मागच्या आठवड्याचा ग्राफ' असं दाबलं की चहा पिऊन यावं, तरी पडद्यावर गोल चक्र फिरतंय.

ते सगळं मी मोडलं आणि नव्यानं बांधलं. खरं सांगते, आयुष्यात इतकं मन लावून दुसरं काही केलेलं नाही. आलेली नोंद आधी एका रांगेत घ्यायची, म्हणजे गर्दी झाली तरी दार तुंबत नाही. मग ती मेमरीत ठेवायची, आणि वीज गेली तर बुडू नये म्हणून त्याच वेळी डिस्कवरच्या एका कच्च्या फायलीच्या शेवटी जोडून टाकायची. शेवटी जोडणं डिस्कला सोपं असतं, मधे घुसवणं जड जातं. दर दोन तासांनी मेमरीतल्या नोंदींचा केंद्रानुसार, वेळेनुसार लावलेला एक गठ्ठा बांधायचा, दाबून छोटा करायचा आणि सील करायचा. सील झालेल्या गठ्ठ्याला पुन्हा हात लावायचा नाही. कुणी मंगळवारची दुपार मागितली की फक्त मंगळवार दुपारचे दोन-तीन गठ्ठे उघडायचे, बाकीच्यांकडं बघायचंही नाही. कच्च्या नोंदी पंधरा दिवस ठेवायच्या, त्यानंतर तासातासाची सरासरी वर्षभर. महिन्याचा ग्राफ अर्ध्या सेकंदाच्या आत यायला लागला, तेव्हा वैजनाथ सरांनी अख्ख्या ऑफिसला उडुपीत नेऊन डोसे खाऊ घातले.

डबा बसवायला मी नागप्पा काकांच्या केंद्रावर स्वतः गेले होते. त्यांनी डबा सगळीकडून पाहिला. वास घेऊन पाहिला म्हटलं तरी चालेल.

"लाईट गेल्यावर हे बंद पडतंय का?" त्यांनी विचारलं.

"पडतं. आत बॅटरी नाही. पण तुम्ही जनरेटर लावला की पुन्हा सुरू होतं."

"आन् टावर? हितं लाईट गेली की टावर बी जातंय. त्याच्या बॅटऱ्या कवाच मेल्यात."

"मग डबा नोंदी आपल्याजवळ साठवतो काका. तीन दिवसांच्या. नेटवर्क आलं की सगळ्या पाठवून देतो."

"हौदु," असा कानडीत होकार देऊन त्यांनी मान हलवली. मग टेबलाच्या खणातून एक लांबुळकी वही काढली. तासातासाचं तापमान, जनरेटर किती वाजता लावला, किती वाजता बंद केला, गोल गोल अक्षरात लिहिलेलं. बावीस वर्षांच्या अशा वह्या घरी माळ्यावर होत्या. "मंग ह्याचं काय करू?"

मी हसले. त्या हसण्याची आज लाज वाटते. "आता वही कशाला काका? दोनदा काम. मशीन लिहितंय ना." त्यांनी वही लगेच बंद केली नाही. आठ-दहा दिवस दोन्ही लिहिलं म्हणे. मग डेअरीचे लातूरचे व्यवस्थापक संगमेश सर एकदा येऊन 'हे जुनं बंद करा' म्हणाले, तेव्हा कुठं थांबले.

आता माझी चूक सांगते. मार्च महिन्यात औसा तालुक्यात एका दुपारी चार तास वीज नव्हती. ती आली तसे तिकडचे तीनशे डबे एकदम जागे झाले आणि साठवलेल्या नोंदी एकाच वेळी सर्व्हरवर ओतायला लागले. रांग फुगली. जुन्या नोंदींच्या मागं ताज्या नोंदी अडकल्या. चालू तापमान चाळीस मिनिटं उशिरा दिसायला लागलं. नेमके त्याच वेळी संगमेश सर त्यांच्या संचालकांना पडदा दाखवत बसले होते. फोन आला तो थेट वैजनाथ सरांना, आणि त्यांनी तो जसाच्या तसा माझ्या कानाशी धरला.

संध्याकाळपर्यंत मी उपाय केला. सर्व्हरच्या दारातच एक नियम घातला. तासापेक्षा जुनी नोंद आली तर ती घ्यायची नाही. नाहीतरी सील झालेल्या गठ्ठ्यात ती घालायची म्हणजे गठ्ठा सोडून पुन्हा बांधणं आलं. किती नोंदी नाकारल्या याचा केंद्रवार आकडा तेवढा ठेवायचा, नोंद फेकून द्यायची. बाजूला टीप लिहिली: तात्पुरतं. तो शब्द तिथं आठ महिने होता. मी त्याकडं पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही, कारण ग्राफ झरझर यायचे आणि सगळे खूश होते.

पुण्यातल्या एखाद्या इंजिनियरचा मला राग आला नसता. त्यानं असा नियम घातला असता तर समजलं असतं, त्याच्याकडं टॉवर वीज गेल्यावरही चालतो. मी मुदखेडची. वीज आणि नेटवर्क हातात हात घालून जातात हे पाहतच मोठी झाले. ज्या वेळी दुधाची काळजी करायची, नेमकी त्याच वेळची नोंद उशिरा येणार, आणि ती मी दारातून परत पाठवणार. हे कळायला इंजिनियरिंग लागत नव्हतं.

चौदा ऑक्टोबरला परतीच्या पावसाचं वादळ झालं. देवणीकडची मोठी लाईन पडली. काकांच्या गावची वीज दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी गेली आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजून बारा मिनिटांनी आली. साडेदहाला टँकर आला. त्यानं चार गावांचं दूध एकत्र भरलं, वाटेत झाडं पडलेली म्हणून दुपार करत लातूरला पोहोचला. तिथं दूध उकळून पाहिलं तर फाटलं. अख्खा टँकर ओतून द्यावा लागला.

चारपैकी तीन गावांचं नेटवर्क चालू होतं, त्यांचे ग्राफ सलग होते. चौथं काकांचं. तिथं तीन बारापासून दुसऱ्या दिवशी नऊ बारापर्यंत काहीच नाही, आणि नऊ बारापासून जनरेटर चालू. दहा बाराला वीज आली तसा टॉवरही आला, तेव्हा शेवटच्या एका तासाच्या नोंदी नियमात बसल्या म्हणून आत आल्या होत्या, बाकीच्या दारात राहिल्या. पण ग्राफ बघणाऱ्याला हे कसं कळणार? माझ्या रिपोर्टनं 'माहिती नाही' आणि 'बंद' यांत फरकच केला नव्हता. कागदावर सरळ छापून आलं: वीज खंडित, एकोणीस तास. जनरेटर चालू, एक तास.

संगमेश सरांनी डिझेलची टाकी मोजली. ती अठरा-एकोणीस तास चालल्याइतकी रिकामी होती. त्यांचा निष्कर्ष झाला. नागप्पानं डिझेल विकलं, रात्रभर दूध गरम राहिलं, आणि टँकर यायच्या आधी तासभर जनरेटर लावून तोंड पुसलं. आठवड्याभरात काकांना काढलं. रिपोर्टचा कागद केंद्राच्या भिंतीवर लावला, बाकीच्या केंद्रांना धाक बसावा म्हणून. ज्यांचं दूध गेलं ते सगळे सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीपुढं रांगेत उभे राहायचे.

सत्तावीस ऑक्टोबरला दुपारी काका आमच्या ऑफिसात आले. देवणीहून एसटीनं, पांढरा सदरा, डोक्याला रुमाल. मला वाटलं भांडायला आलेत. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"ताई, त्या दिवशीचा कागद पुन्यांदा काढून बघ की. मी जनरेटर लगीच लावलाय. सारी रात तिथंच बाजेवर हुतो."

मी काढला. अर्ध्या सेकंदात आला. तोच ग्राफ, तीच मोकळी जागा. पडदा त्यांच्याकडं वळवला.

ते बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवलं. "हितं नवाला दूध किती हाय?"

"चार पॉइंट दोन डिग्री."

"मंग? सकाळचं दूध साडेसहा ते आठ येतंय. म्हशीच्या अंगचं ऊन दूध. जनरेटर नवाला लावला म्हणतीस, तर नवालाच ते चारवर कसं ग आलं? दोन तास लागतेत त्याला."

वाचणाऱ्यांनो, माझ्या यंत्राबद्दल मला कुणी विचारलेला सगळ्यांत शहाणा प्रश्न तो होता. त्यात सगळं उत्तर होतं. आणि मी काय म्हणाले? त्या दिवशी नांदेडचे दोनशे डबे जोडायचे होते, दोन फोन वाजत होते, आणि माझ्या रचनेवर कुणी बोट ठेवलं की मला ते टोचायचं. मी म्हणाले, "टाकीला इन्सुलेशन असतं काका. आणि हे बघा, मशीन खोटं बोलत नाही."

"न्हाई, मशीन कशाला खोटं बोलंल," ते म्हणाले. उठले. दारात चपला घालताना वळून विचारलं, "त्या डब्यात तीन दिसाचं ऱ्हातंय म्हणली हुतीस. त्यात बघता येतंय का?"

"तेरा दिवस झाले काका. त्यावर नवं लिहिलं गेलं." एवढं खरं बोलले.

पुढचं सतरा नोव्हेंबरचं. कुणी तरी ग्राफ अडखळतात अशी तक्रार केली, म्हणून मी सर्व्हरचेच आकडे बघत होते. त्यात तो नाकारलेल्या नोंदींचा आकडा होता. आजवर कधी उघडला नव्हता. दोन महिन्यांचा मागितला. दर वीज जाण्यामागं एक उभी रेघ, सगळ्या मिळून दोन कोटींच्या वर. केंद्रवार लावून पाहिलं तर सगळ्यांत उंच रेघ पंधरा ऑक्टोबरच्या सकाळची, केंद्र क्रमांक चारशे सतरा. नऊ लाख पासष्ट हजार सातशे.

चारशे सतरा म्हणजे काकांचं केंद्र. नोंदी काय होत्या ते कुठंच नव्हतं. ते मीच फेकायला सांगितलं होतं. फक्त किती होत्या ते होतं. पण मग काकांना मी स्वतः सांगितलेलं वाक्य आठवलं. डब्यात बॅटरी नाही. म्हणजे गावात वीज नसताना डबा जागा असेल तर तो जनरेटरवरच. प्रत्येक नोंद म्हणजे जनरेटर चालू असल्याचा पुरावा, तिच्या आत काहीही लिहिलेलं असो.

कागद घेतला. नऊ लाख पासष्ट हजार सातशे भागिले तीस, बत्तीस हजार एकशे नव्वद वेळा. दर दोन सेकंदांना एकदा, म्हणजे चौसष्ट हजार तीनशे ऐंशी सेकंद. सतरा तास त्रेपन्न मिनिटं. तीन बारा ते नऊ बारा हे अठरा तास. वीज गेल्यापासून सातव्या मिनिटाला काकांनी हँडल मारून जनरेटर सुरू केला होता आणि वीज येईपर्यंत एकदाही बंद पडू दिला नव्हता. डिझेल जिथं जायला हवं तिथंच गेलं होतं. दूध नासलं ते वाटेत, पडलेल्या झाडांपाशी अडकलेल्या टँकरमध्येच नासलं असणार.

मी कागद घेऊन वैजनाथ सरांकडं गेले. सर वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगून ठेवते. त्यांनी दोनदा हिशेब तपासला. मग म्हणाले, "लुंबिनी, तीन डिसेंबरला डेअरीचा करार नवा व्हायचा हाय. आत्ता हे काढलं तर आपल्या अकराच्या अकरा माणसांचं काय? तू आधी दुरुस्त कर. करार झाला की मी स्वतः संगमेशला सांगतो."

मी 'हाव' म्हणाले. कुणी माझे हात बांधले नव्हते. देवणीची बस दर तासाला होती, आणि काकांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता.

दुरुस्ती मात्र मी झपाटून केली. उशिरा येणाऱ्या नोंदींसाठी वेगळी रांग आणि मेमरीत वेगळी जागा, म्हणजे ताज्या नोंदींची वाट अडत नाही. त्यांचे वेगळे गठ्ठे बांधायचे, आणि सर्व्हरला उसंत मिळेल तेव्हा ते जुन्या गठ्ठ्यांशी जुळवून एक नवा गठ्ठा करायचा. डब्यांनीही वीज आल्यावर एकदम धावायचं नाही, थोडं मागंपुढं पाठवायचं. आणि रिपोर्टमध्ये माहिती नसेल तिथं 'माहिती नाही' असंच लिहायचं. पंधरा दिवसांत सगळं झालं. इतकं सोपं होतं ते, हेच सहन होत नाही. तीन डिसेंबरला करारावर सह्या झाल्या. सर म्हणाले, जरा थांब, शाई वाळू दे.

एकोणीस डिसेंबरला येळवस होती. आमच्या मुदखेडकडं हा सण एवढा नाही, पण लातुरात वेळ अमावस्येला गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील घेऊन जो येईल त्याला जेवू घालायचं. बोलावणं असेल तिथं जायचंच, नाही म्हणायचं नाही. मी वैजनाथ सरांच्या शेतात गेले. तिसऱ्यांदा आंबील घेतली. काकांची आठवण आली नव्हती असं नाही. आली, आणि मी ती बाजूला सारली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला राहवेना. सरांना न विचारता डेअरीला सगळा हिशेब लिहून पाठवला. सर चिडले, मग आपणच फोन करून संगमेश सरांशी बोलले. उत्तर आलं की नोंद घेतली आहे, भिंतीवरचा कागद काढला आहे, पण केंद्रावर नवीन माणूस नेमलेला असल्यानं तूर्त काही करता येणार नाही. त्या पत्राची प्रत घेऊन मी देवणीची बस धरली.

काका घरापुढं बसून दावं वळत होते. वाळले होते. मला पाहून उठले. त्यांच्या बायको लक्ष्मम्मा उंबऱ्यातच थांबल्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नियम, फेकलेल्या नोंदी, आकडा. कागदावर भागाकार करून दाखवला.

"किती म्हणलीस?" काकांनी विचारलं.

"सतरा तास त्रेपन्न मिनिटं. सातव्या मिनिटाला तुम्ही जनरेटर लावला."

"सात न्हाई लागले," ते म्हणाले. "पाच. पाऊस लई हुता, हँडल सटकत हुतं. बरं, सात तर सात." त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. मग डोळे पुसले, रुमालाच्या टोकानं, चोरून नाही, सरळ. "पुन्यांदा सांग ग."

मी पुन्हा सांगितलं. संध्याकाळी केंद्रावर रांग लागली तेव्हा तिथं जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी होती, नागप्पा काकांची नव्हती. लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, "आमाला काय ठावं माय, कागदच तसा हुता." दुसऱ्यानं कॅन पुढं सरकवली, कारण काटा मोकळा झाला होता. काका माझ्याबरोबर आले नव्हते. त्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

परत काकांच्या घरी आले. मला वाटत होतं, आता थोडं हलकं वाटेल. लक्ष्मम्मा पहिल्यांदाच बोलल्या.

"औंदा येळवशीला चाळीस मान्साची भज्जी केल्ती मी. दर साली येवढी लागती. आमच्या शेतात कोण बी आलं न्हाई. डिझेलचोराच्या घरचं कोण खाईल? दिस बुडूस्तोर हे वाटंकडं बघत बसले. मंग सारी भज्जी म्हशीम्होरं टाकली." त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "तुला हे कवा कळलं म्हणायचं?"

खोटं बोलायचं मनात आलं. जानेवारीत, एवढं म्हटलं असतं की झालं असतं.

"सतरा नोव्हेंबरला," मी म्हणाले.

"म्हंजी येळवशीच्या आदी."

"हो. महिनाभर आधी."

लक्ष्मम्मांनी काकांकडं पाहिलं. काकांच्या तोंडावरचं दुपारपासूनचं हसू गेलं. त्यांनी दाव्याची गाठ बघितली, सोडली, पुन्हा मारली. मी वाट बघत होते की ते शिव्या देतील. दिल्या असत्या तर मला घरी जाता आलं असतं.

"शेवटची बस साडेसाताला हाय," ते बायकोला म्हणाले. "पोरगी लांबून आली, च्या दे तिला."

लक्ष्मम्मा आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप माझ्या हातात दिला नाही, शेजारी ओट्यावर ठेवला. मी तो उचलला आणि प्यायले, पूर्ण. काका त्यानंतर माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत.